अन्नसाखळी आणि जलचक्राची चित्रं तपासताना: बाण कुठून कुठं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते आठवीची संकल्पना चित्रं आणि ओघतक्ते तपासताना शिक्षक मंडळी आणि कधीकधी पालकही जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथं एकत्र केलेत. उदाहरणं बहुतेक सातारा-सांगली भागातलीच आहेत कारण पोरं जे बघतात तेच काढतात, ऊस काढतात, कृष्णा काढतात, बिबट्या काढतात. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडं आलं असेल तर तिथं नंबर दिलाय, तेवढं बघून घ्या.

१. अन्नसाखळीत बाण नक्की कुठून कुठं काढायचा? खाणाऱ्याकडून का ज्याला खाल्लं त्याच्याकडून?

ज्याला खाल्लं त्याच्याकडून खाणाऱ्याकडं. ऊस → उंदीर → धामण. बाणाचं टोक ज्याच्या पोटात अन्न गेलं त्याच्याकडं असतं, कारण हा बाण "कोण कोणावर झडप घालतं" ते दाखवत नाही, अन्नातली ऊर्जा कुठून निघून कुठं पोचली ते दाखवतो. उसानं उन्हातून साखर तयार केली, ती उंदराच्या अंगात गेली, उंदराचं मांस धामणीच्या अंगात गेलं. या सगळ्यात उलट दिशेनं काहीच गेलेलं नाही.

तपासताना प्रत्येक बाणावर बोट ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, या बाणाच्या शेपटीकडून टोकाकडं काय जातंय? उत्तर आलं तर बाण बरोबर. उत्तर येत नसेल किंवा उलटं येत असेल तर बाण चुकलाय. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका प्रश्नानंच सुटतात, जलचक्राचे पण.

२. माझ्या मुलीनं "धामण" वरून "उंदीर" कडं बाण काढून मधे "खाते" असं लिहिलंय. मॅडमनी काट मारली. बरोबर आहे का?

माझ्या मते काट चुकीची आहे, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अन्नसाखळी आणि संकल्पना चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्नसाखळीत बाणावर काही लिहिलेलं नसतं, त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे (वर १ नंबर). संकल्पना चित्रात मात्र बाणाचा अर्थ बाणावर लिहिलेला शब्द ठरवतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत पुढं आणली तेव्हापासून तिचा पाया हाच आहे की चौकट, जोडशब्द, चौकट हे तिन्ही मिळून एक पूर्ण विधान व्हायला पाहिजे आणि ते विधान खरं का खोटं ते तपासायचं. "धामण खाते उंदीर" हे विधान खरं आहे, त्यामुळं बाण बरोबर. "उंदीर, अन्न आहे, धामणीचं" हेही खरं, तिथं बाण उलट दिशेनं आणि तोही बरोबर.

म्हणजे काट मारायच्या आधी प्रश्नपत्रिकेत काय मागितलं होतं ते बघा. "अन्नसाखळी काढा" असं असेल आणि बाणावर शब्द नसेल तर धामण → उंदीर चूक. "संकल्पना चित्र काढा" असं असेल तर शब्द वाचल्याशिवाय दिशेबद्दल बोलायचंच नाही. आणि प्रश्न अन्नसाखळीचा पण पोरीनं स्वतःहून "खाते" लिहिलंय, अशा वेळी मी गुण देतो आणि शेजारी लिहितो की अन्नसाखळीत बाण असा नसतो.

एक बारकी गोष्ट, आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं त्यामुळं काही पोरं "उंदराला" → खाते → "धामण" असंही लिहितात. चौकटीतल्या शब्दाला "ला" लागलाय का बघा, लागला असेल तर विधान बरोबरच आहे, उंदराला खाते धामण. घाईत वाचलं की हे उलटं वाटतं आणि उगाच गुण जातो.

३. चित्र हातात आलं की तपासायला सुरुवात कुठून करायची? एक पूर्ण उदाहरण द्या ना.

आधी चित्राकडं बघून मत बनवायचं नाही. रंग, चौकटी, नीटनेटकेपणा बघितला की हात आपोआप ५ पैकी ५ कडं जातो. एकेक जोड सुटा करून वहीच्या कडेला नंबर घालायचे आणि प्रत्येक जोडाला दोन प्रश्न विचारायचे, पहिला, या दोघांची जोडी खरी आहे का, म्हणजे यातला एक दुसऱ्याला खरंच खातो का, आणि दुसरा, दिशा बरोबर आहे का. जोडीला १ गुण, दिशेला १. जोडीच खोटी असेल तर दिशा बघायचीच नाही, दोन्ही शून्य.

सातवीतल्या एका पोरानं "उसाच्या फडातलं अन्नजाळं" असं चित्र काढलंय असं धरा, त्यात हे आठ जोड आहेत.

सूर्य → ऊस, ऊस → उंदीर, ऊस → लोकरी मावा, उंदीर → घुबड हे चार सरळ बरोबर, प्रत्येकी २, झाले ८. (सूर्याबद्दल वाद घालायचा असेल तर ५ नंबर बघा.)

पाचवा, धामण → उंदीर. जोडी खरी, दिशा उलटी. १ गुण. बाकीचे बाण बरोबर असताना हा एकच उलटा आलाय म्हणजे पोराला नियम माहितीय, इथं घसरलाय. बहुतेक वेळा चित्रात जागा नसते म्हणून साप आधी काढला जातो आणि मग सापाकडून बाण निघतो.

सहावा, ऊस → बिबट्या. हा आपल्याकडचा खास. कराड, शिराळा भागात बिबट्या उसात दिसतो, उसात पिल्लं घालतो, ऊसतोडीला पिल्लं सापडल्याची बातमी दरवर्षी येते, मग पोराच्या डोक्यात ऊस आणि बिबट्या ही जोडी पक्की बसलेली असते. पण बिबट्या ऊस खात नाही, उसात लपतो. हा निवाऱ्याचा संबंध झाला, अन्नाचा नाही. बाणावरून काय जातंय विचारलं तर काहीच जात नाही. शून्य. हेच संकल्पना चित्र असतं आणि बाणावर "आसरा देतो" असं लिहिलेलं असतं तर पूर्ण गुण दिले असते. बिबट्याला चित्रात ठेवायचंच असेल तर त्याच्याकडं कुत्रं, शेळी, रानडुक्कर यांच्याकडून बाण यायला पाहिजे.

सातवा, लोकरी मावा → धामण. जोडी खोटी, धामण असल्या बारक्या किड्यांच्या वाट्याला जात नाही, तिला उंदीर, बेडूक लागतात. पोरानं मावा काढला, त्याला पुढं कुठंतरी जोडायचं म्हणून जवळच्या प्राण्याला जोडला. शून्य. बरोबर बाण मित्रकीटकांकडं गेला असता, त्याबद्दल ९ नंबरमधे लिहिलंय.

आठवा, उंदीर आणि मुंगूस यांच्यात नुसती रेघ, टोकच नाही. जोडी खरी, दिशा दाखवलेलीच नाही. १ गुण. मनानं टोक काढून गुण द्यायचा नाही, कारण बऱ्याचदा पोराला दिशा माहिती नसते म्हणूनच ते टोक काढत नाही.

बेरीज ८ + १ + ० + ० + १ म्हणजे १६ पैकी १०, पाच गुणांचा प्रश्न असेल तर साधारण ३. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आता तुम्हाला कळलं की या पोराची दिशेची समजूत ठीक आहे, त्याचा घोळ "कुठं राहतो" आणि "काय खातो" यात आहे. नुसते ५ पैकी ३ दिले असते तर हे कळलं नसतं.

४. एकूण एक बाण उलटा काढलाय. मग सगळ्याच बाणांचे गुण कापायचे का?

नाही. सगळेच उलटे म्हणजे चूक एकच आहे, ती आठ वेळा लिहिली गेलीय. पोरानं बाणाला "खातो" असा अर्थ दिलाय आणि तो शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळलाय. जोड्या खऱ्या असतील तर जोड्यांचे सगळे गुण द्या आणि दिशेसाठी एकदाच काय ते कापा, सोळापैकी दोन-तीन गुण पुरेत. उलट अर्धे बाण सुलटे अर्धे उलटे असतील तर प्रत्येकाचा वेगळा गुण कापायचा, कारण तिथं पोराकडं नियमच नाही, अंदाजानं टोकं काढलीत.

हे ओळखायची एक पक्की खूण आहे, सूर्याचा बाण बघा. बाकी सगळे बाण उलटे आणि फक्त सूर्य → ऊस सुलटा, असं चित्र नेहमी सापडतं. कारण "ऊस सूर्याला खातो" असं कुठलंच पोरगं म्हणणार नाही, तिथं त्याला आपोआप "सूर्याकडून ऊन येतं" हेच सुचतं. म्हणजे एकाच चित्रात बाणाचे दोन अर्थ झाले. त्या पोराला बोलवून तोच सूर्याचा बाण दाखवायचा, इथं काय जातंय विचारायचं, ते म्हणतं ऊन, मग पुढच्या बाणावर बोट ठेवून इथं काय जातंय विचारायचं. बरीच पोरं तिथंच थांबतात आणि स्वतःच खोडरबर मागतात.

५. सूर्य अन्नसाखळीत धरायचा का? आमच्या शाळेत दोन शिक्षकांची दोन मतं आहेत.

साखळीतला पहिला सजीव म्हणजे हिरवी वनस्पती, म्हणून साखळी उसापासून सुरू केली तरी पूर्ण बरोबर. सूर्यापासून केली तरी बरोबर, कारण ऊर्जा तिथूनच येते. गुण दोन्हीला सारखेच. फक्त "या साखळीत उत्पादक कोण" याला "सूर्य" असं उत्तर आलं तर ते चूक, उत्पादक म्हणजे स्वतः अन्न तयार करणारा सजीव. आणि सूर्य → उंदीर असा थेट बाण आला तरी चूक, उंदीर उन्हात बसून जगत नाही. जलचक्रातला सूर्य ही वेगळी भानगड आहे, ती ११ नंबरला.

६. दूध → नाग असा बाण आलाय. काय करायचं?

चूक. नागपंचमीला दूध ठेवतात ते पोरानं बघितलंय, त्यामुळं बाण कुठून आला ते कळतं, पण दूध हे नागाचं अन्न नाही, तो उंदीर, बेडूक, दुसरे साप असलं खातो. जोडीचा गुण जाईल. वर्गात मात्र श्रद्धेवर भाषण न देता नुसतं "उंदीर → नाग" एवढं दुरुस्त करा.

७. एकानं ऊस → कोल्हा काढलंय. कोल्हा तर मांसाहारी ना?

बाण बरोबर आहे, गुण द्या. "कोल्हा काकडीला राजी" म्हणतात ते उगाच नाही, कोल्हा उंदीर, पक्षी तर खातोच पण ऊस, बोरं, मका पण खातो, आणि फडात कोल्ह्यानं चावलेला ऊस ज्यानं बघितलाय त्या पोराला तुम्ही पुस्तक दाखवून चूक ठरवलं तर ते मनातल्या मनात तुम्हालाच हसणार. एकच प्राणी एका बाणानं प्राथमिक भक्षक आणि दुसऱ्या बाणानं द्वितीय भक्षक असू शकतो, अन्नजाळ्यात हे चालतं. माणसाचं पण तेच.

८. साखळी शेवटी परत उसाकडं नेऊन गोल पूर्ण केलाय. गोल असतो का अन्नसाखळीत?

इथं थांबून बघावं लागतं कारण हे अर्धं बरोबर अर्धं चूक असतं.

घुबड मेलं, कुजलं, जिवाणू आणि बुरशीनं ते कुजवलं, त्यातले क्षार मातीत गेले आणि उसाच्या मुळांनी घेतले. म्हणजे घुबड → विघटक → माती → ऊस या बाणांवरून नत्र, स्फुरद असले पदार्थ खरंच जातात आणि तो गोल पूर्ण होतो. पण ऊर्जा परत येत नाही. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा जगण्यात, पळण्यात, उष्णतेत निघून जाते, पुढच्या पायरीला ढोबळमानानं १० टक्केच पोचते असं धरतात, अमेरिकेतले परिसरशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांच्या १९४२ च्या कामातून आलेला हा अंदाज आहे आणि तो ढोबळच आहे, प्रत्येक ठिकाणी तंतोतंत १० नसतो. ऊस ऊर्जा नव्यानं सूर्याकडूनच घेतो.

त्यामुळं बाणांवर काहीच लिहिलेलं नसेल आणि घुबड → ऊस असा थेट बाण असेल तर चूक. मधे विघटक आणि माती असेल तर बरोबर धरा. वरच्या वर्गात, नववी-दहावीत, मी दोन रंगांचे बाण मागतो, एक ऊर्जेचा आणि एक पदार्थांचा, मग सोंगाड्या गोल लगेच उघडा पडतो. विघटकांबद्दल अजून एक, बाण फक्त शेवटच्या प्राण्याकडून काढतात पोरं. उसाचं पाचट पण कुजतं, मेलेला उंदीर पण कुजतो, प्रत्येकाकडून विघटकांकडं बाण जायला पाहिजे. पण नाही काढला म्हणून सातवीला गुण कापू नका.

९. काही बाण कळतच नाहीत, जसं मावा → बुरशी, किंवा किडा → झाड. सरळ चूक द्यायची का?

हे दोन्ही बाण खरे आहेत आणि दोन्ही आपल्याच भागातले आहेत.

२००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा मोठ्या प्रमाणात आला होता, जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतो. हा मावा पानाचा रस शोषतो आणि मागून गोड चिकट पदार्थ सोडतो, त्यावर काळी काजळी बुरशी वाढते आणि पानं काळी पडतात. बुरशीला साखर मिळते ती त्या चिकट पदार्थातून, म्हणजे मावा → काजळी बुरशी या बाणावरून खरंच अन्न जातंय. मावा मेलेला नाही, त्याला कोणी खाल्लं पण नाही, तरी बाण बरोबर. घरी ऊस असलेलं पोरगं हे काढू शकतं. तोच मावा डिफा, मायक्रोमस असल्या मित्रकीटकांच्या अळ्या खातात, म्हणजे मावा → डिफा हाही बरोबर.

दुसरा, कासच्या पठारावर दवबिंदू नावाची बारकी वनस्पती असते, पानावरच्या चिकट थेंबांना किडे चिकटतात आणि ती ते पचवते. किडा → दवबिंदू हा बाण बरोबर, पण त्यावरून मुख्यतः नत्रासारखे पदार्थ जातात, कारण तिथं कातळावर मातीचा थर पातळ आणि कस कमी. ऊर्जा ती बाकी हिरव्या झाडांसारखी उन्हातूनच घेते. म्हणून सूर्य → दवबिंदू हाही बाण त्याच चित्रात पाहिजे, आणि तिला भक्षकांच्या रांगेत टाकून उत्पादकातून काढलं असेल तर ते चूक.

खात्री नसलेला बाण आला तर पोराला विचारा हे तू कुठं बघितलं. उत्तर पटलं तर गुण, नाही पटलं तर नाही.

१०. जलचक्रात पण हाच नियम का? आणि "बाष्पीभवन" चौकटीत लिहायचं का बाणावर?

नियम तोच, बाणावरून काय जातंय, फक्त इथं उत्तर नेहमी "पाणी" असलं पाहिजे. समुद्र → हवेतली वाफ, वाफ → ढग, ढग → जमीन, जमीन → ओढा, नदी → समुद्र. शेपटीला पाणी आधी जिथं होतं ती जागा, टोकाला नंतर जिथं गेलं ती जागा.

चौकटीत जागा किंवा रूप लिहायचं (समुद्र, ढग, भूजल) आणि बाणावर क्रिया लिहायची (बाष्पीभवन, सांद्रीभवन, पाऊस, झिरपणं). पण पुष्कळ पोरं ओघतक्ता काढताना बाष्पीभवन → सांद्रीभवन → वृष्टी असं सगळं चौकटीतच लिहितात, ते क्रियांच्या क्रमाचं चित्र झालं आणि तसं पूर्ण चित्रभर असेल तर चालतं. चालत नाही ती सरमिसळ. समुद्र → बाष्पीभवन → ढग → वृष्टी → नदी, यात बाष्पीभवन ही पाणी साठायची जागा असल्यासारखं दिसतं. गुण कापायचा तर एकच, आणि बाणावर शब्द हलवून दाखवा.

ढग म्हणजे वाफ असं समजून समुद्र → (बाष्पीभवन) → ढग असा एकच बाण बऱ्याच ठिकाणी असतो. वाफ दिसत नाही, ढग दिसतो, कारण ढगात पाण्याचे बारीक थेंब किंवा बर्फाचे कण असतात. पाचवीला सोडून देतो मी, आठवीला मधली "वाफ" आणि सांद्रीभवन मागतो.

११. जलचक्रात सूर्य → समुद्र असा बाण काढलाय. बरोबर धरायचा का?

सूर्याकडून पाणी येत नाही, उष्णता येते. त्यामुळं बाकी पाण्याच्या बाणांसारखाच तो बाण असेल तर वाचणाऱ्याला सूर्यातून समुद्रात पाणी पडल्यासारखं वाटतं. तुटक बाण, वेगळा रंग किंवा "उष्णता" एवढा शब्द असला की पूर्ण बरोबर. शब्द नसेल तर अर्धा गुण कापा, त्याहून जास्त नको. वाऱ्याचं पण असंच, पण वारा वाफ आणि ढग घेऊन येतो त्यामुळं अरबी समुद्राकडून सह्याद्रीकडं काढलेला वाऱ्याचा बाण पाण्याचा बाण म्हणून पण खपतो.

१२. कृष्णा → अरबी समुद्र असा बाण आहे. समुद्र तर जवळचा तोच, मग चूक का? आणि कोयनेचं काय?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र अगदी जवळ, पण सह्याद्रीचा उतार तिला पूर्वेकडं नेतो. वाई, कराड, सांगली, पुढं कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि मग बंगालचा उपसागर. म्हणून कृष्णा → अरबी समुद्र चूक. नुसतं कृष्णा → समुद्र लिहिलं असेल तर पूर्ण बरोबर, नाव मागितलं नसताना ते नसल्याचा गुण कापायचा नाही. गंमत अशी की पाऊस आला अरबी समुद्रावरून आणि पाणी गेलं बंगालच्या उपसागराला, म्हणून एखादं हुशार पोरगं विचारतं की मग चक्र पूर्ण कुठं झालं. सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत, चित्रात "समुद्र" ही एकच चौकट धरली की झालं.

आता कोयना. कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे कोयना → कृष्णा बरोबर. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडं पोफळीकडं सोडतात, ते पुढं वाशिष्ठी नदीत जातं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. त्यामुळं शिवसागर → वाशिष्ठी → अरबी समुद्र असे बाण आले तर ते पण बरोबर! पाटणचं पोरगं हे काढू शकतं, त्याच्या घरातलं कोणीतरी प्रकल्पावर कामाला असतं. एकाच चौकटीतून दोन बाण दोन समुद्राकडं निघाले म्हणून चूक द्यायची नाही. फक्त बाणावर "बोगदा" किंवा "वीजप्रकल्प" लिहिलेलं पाहिजे, कारण हा माणसानं केलेला रस्ता आहे, उतारानं पाणी तिकडं गेलं नसतं.

१३. नदीकडून वर माळाकडं बाण काढलाय. पाणी वर चढतं का?

आपोआप नाही, पंपानं चढतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचं पाणी उचलूनच दुष्काळी भागात नेतात. आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या पोरांच्या चित्रात हा बाण हमखास येतो. "उपसा" किंवा "पंप" लिहिलं असेल तर गुण द्या. काहीच लिहिलेलं नसेल तर नैसर्गिक जलचक्र म्हणून चूक. भूजल → बोअर → शेत याचंही तसंच.

१४. समुद्र, ढग, पाऊस, नदी, परत समुद्र एवढंच काढलंय. सगळे बाण बरोबर आहेत. पूर्ण गुण?

दिशेचे पूर्ण, चित्राचे नाहीत, वर्ग कुठला त्यावर. पाचवीला पूर्ण द्या. सातवी-आठवीला निदान तीन गोष्टी बघतो, जमिनीत झिरपून भूजल, झाडांच्या पानांतून जाणारी वाफ म्हणजे बाष्पोत्सर्जन, आणि तळं-माती यांच्यावरून होणारं बाष्पीभवन. जगातलं बहुतेक बाष्पीभवन समुद्रावरूनच होतं हे खरं, पण आपल्या भागात नजर पोचेल तिथपर्यंत ऊस असताना त्याच्या पानांतून वर जाणारा एक पण बाण नसणं हे खटकतं.

जे नाही त्याचे गुण आणि जे चूक आहे त्याचे गुण वेगळे मोजा. राहिलेला बाण म्हणजे आठवलं नाही, उलटा बाण म्हणजे समजलं नाही. मी वहीत राहिलेल्यांसाठी बारकी टिंबटिंब रेघ काढतो आणि उलट्यासाठी टोकाला गोल, म्हणजे पोरगं वही उघडल्या उघडल्या दोन्हीतला फरक बघतं. भूजलाचा बाण खाली जातो एवढंच काढून तिथंच संपवलेला असेल तर त्याला पण टिंबटिंब रेघ, कारण झिरपलेलं पाणी तिथं कायमचं अडकत नाही, ते ओढ्याला झरा म्हणून बाहेर येतं, विहिरीला येतं, काही थेट नदीला मिळतं. फेब्रुवारीतही ज्या ओढ्याला पाणी असतं ते बहुतेक याच बाणावरून आलेलं असतं.